स्टेटस कोडचा पहिला अंक नेमकं काय सांगतो?

‘२०० आलं की काम झालं. ३०० आलं की पान दुसरीकडे गेलं. ४०० आलं की चूक तुमची. ५०० आलं की सर्व्हर बंद पडला, मग बटण पुन्हा पुन्हा दाबत राहा. एवढं पाठ करा, वेब शिकायला पुरे आहे.’

सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत जो तीन अंकी स्टेटस कोड पाठवतो, त्याबद्दल नवशिक्यांमध्ये हा मजकूर फार फिरतो. त्यात एक गोष्ट बरोबर आहे: कोडचा पहिला अंक कुटुंब सांगतो. २०० ते २९९ एक कुटुंब, ३०० ते ३९९ दुसरं, आणि तसंच पुढे. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीचं सध्याचं प्रमाण, म्हणजे २०२२ सालचं आरएफसी ९११०, तर असंही सांगतं की ब्राउझरला ४७१ सारखा अनोळखी कोड मिळाला तर त्याने तो ४०० समजून वागावं. पण त्या अंकाचा जो अर्थ या मजकुरात दिला आहे तो चारही ठिकाणी कमी पडतो, आणि शेवटचा सल्ला तर पैशाचं नुकसान करू शकतो.

दोनशेपासून सुरुवात करू. सर्व्हरला विनंती मिळाली, समजली आणि त्याने ती स्वीकारली, एवढं हे कुटुंब सांगतं. २०१ म्हणजे नवीन नोंद तयार झाली. २०४ म्हणजे काम झालं, पण परत पाठवायला मजकूर नाही. २०२ मात्र नीट वाचायला हवा: विनंती घेतली आहे, काम अजून व्हायचं आहे. मोठा व्हिडिओ अपलोड केल्यावर २०२ मिळाला, तर तो व्हिडिओ नंतर प्रक्रियेत नापासही होऊ शकतो आणि त्या पहिल्या कोडमध्ये त्याचा मागमूसही नसतो. शिवाय साधा २०० सुद्धा कधीकधी असा येतो:

```
HTTP/1.1 200 OK
Content-Type: application/json

{"success": false, "message": "Invalid date"}
```

अर्ज फेटाळला गेला आहे, तरी कोड २०० आहे. असं लिहिणारे प्रोग्रामर कमी नाहीत. म्हणून कोडसोबत आतला मजकूरही वाचावा लागतो.

तीनशेचं कुटुंब म्हणतं, ‘तुला हवं ते मिळवायला आणखी एक पाऊल टाकावं लागेल.’ ते पाऊल दर वेळी नव्या पत्त्याकडेच नेतं असं नाही. ३०४ चं उदाहरण घ्या. ब्राउझरकडे साइटचा लोगो आधीच साठवलेला असतो. तो सर्व्हरला विचारतो, ‘माझ्याकडे ही आवृत्ती आहे, बदलली का?’ नसेल बदलली तर सर्व्हर चित्र न पाठवता फक्त `304 Not Modified` कळवतो आणि ब्राउझर स्वतःकडची प्रत वापरतो. इथे काहीच हललेलं नाही.

आणि पत्ता खरोखर बदलतो तेव्हा कुठला कोड दिला आहे यावर बरंच अवलंबून असतं. समजा, एका संस्थेने साइट नव्या पत्त्यावर नेली आणि जुन्या पत्त्यावर ३०१ लावला. पानं वाचणाऱ्यांना काहीच फरक जाणवत नाही. पण कुणाच्या ब्राउझरमध्ये जुना फॉर्म उघडा होता. त्याने माहिती भरून तो पाठवला, म्हणजे जुन्या पत्त्यावर माहिती पाठवणाऱ्या `POST` पद्धतीची विनंती गेली. ३०१ मिळाल्यावर ब्राउझर नव्या पत्त्याकडे वळतात, पण वळताना `POST` चा `GET`, म्हणजे नुसतं पान मागणारी विनंती, करतात आणि भरलेली माहिती मागेच राहते. तो पत्ता फक्त `POST` घेणारा असेल तर तिथून उत्तर येतं:

```
HTTP/1.1 405 Method Not Allowed
Allow: POST
```

माहिती जशीच्या तशी पुढे न्यायची असेल तर कायमच्या बदलासाठी ३०८ आणि तात्पुरत्यासाठी ३०७ वापरायचा असतो. या दोन्हींत पद्धत बदलायला मनाई आहे.

चारशेच्या कुटुंबाबद्दलचा मजकुराचा दावा इथेच तपासून पाहा. फॉर्म भरणाऱ्याला चारशेच्या घरातला कोड दिसला. चूक त्याची होती का? त्याने एकही अक्षर चुकीचं लिहिलं नव्हतं. चूक ३०१ लावणाऱ्याची होती. आहे त्या रूपात ही विनंती मला पुरी करता येत नाही, असं सर्व्हर क्लायंटला सांगतो, आणि क्लायंट म्हणजे विनंती पाठवणारा प्रोग्राम, खुर्चीत बसलेला माणूस नव्हे. साइटच्या स्वतःच्याच पानावर जुनी लिंक राहिली असेल तर तीवर क्लिक करणाऱ्याला ४०४ दिसतो, आणि तो दोष साइटचाच असतो. नवशिक्या माणसाला ‘तूच चुकलास’ असं शिकवणं मला म्हणूनच फार खटकतं. तो स्वतःच्या टायपिंगमध्ये चूक शोधत बसतो आणि खरं कारण बाजूला राहतं.

खरा उपयोगी प्रश्न असा: विनंतीत काय बदललं तर ती चालेल? ४०१ म्हणतो, आधी लॉगिन कर. ४०३ म्हणतो, तू कोण ते बहुधा कळलं, पण परवानगी नाही. म्हणून पुन्हा लॉगिन करून सहसा उपयोग होत नाही. ४२९ म्हणतो, फार भराभर विचारतो आहेस, जरा थांब. किती थांबायचं ते बऱ्याचदा `Retry-After` या हेडरमध्ये सेकंदांत लिहिलेलं असतं. आणि ४०४ म्हणजे ती वस्तू नाहीच असंही खात्रीने म्हणता येत नाही. गिटहबवर दुसऱ्याची खासगी रिपॉझिटरी उघडायला गेलात तर ४०३ ऐवजी ४०४ येतो, कारण ती आहे हेही परक्याला कळू द्यायचं नसतं.

आता पाचशे. सर्व्हर पूर्ण बंद असेल तर कोड येणारच नाही, कारण उत्तर द्यायला कुणी नसतं. तेव्हा क्रोममध्ये `ERR_CONNECTION_REFUSED` किंवा `ERR_CONNECTION_TIMED_OUT` असं काहीतरी दिसतं. पाचशेच्या घरातला कोड आला याचा अर्थ कुणीतरी जागं आहे आणि त्याने उत्तर दिलं आहे.

हे ‘कुणीतरी’ समजण्यासाठी एक फीचा फॉर्म घेऊ. तुमची विनंती आधी पुढच्या सर्व्हरकडे जाते, समजा तिथे एनजिनएक्स हा सर्व्हर प्रोग्राम आहे. तो ती मागच्या ॲप्लिकेशनकडे देतो. ॲप्लिकेशनमध्ये न हाताळलेली चूक झाली तर सहसा ५००. मागून उत्तरच धड आलं नाही तर ५०२. सध्या ताण आहे किंवा दुरुस्ती चालू आहे, तर ५०३. आणि मागच्याने वेळेत उत्तर दिलं नाही तर ५०४. एनजिनएक्स मूळ सेटिंगमध्ये ६० सेकंद वाट पाहतो. समजा, गर्दीमुळे ॲप्लिकेशनला ७० सेकंद लागले. साठाव्या सेकंदाला तुमच्या पडद्यावर ५०४ आला. मागचं ॲप्लिकेशन मात्र बऱ्याचदा काम सोडत नाही. सत्तराव्या सेकंदाला त्याने फी भरल्याची नोंद केली. तुम्ही मधल्या दहा सेकंदांत बटण पुन्हा दाबलंत, तर दुसरी विनंती गेली आणि दुसऱ्यांदा पैसे कापले जाऊ शकतात.

म्हणून ५०४ आल्यावर पान नुसतं वाचायचं असेल, म्हणजे `GET` असेल, तर खुशाल पुन्हा लोड करा. पैसे किंवा अर्ज पाठवला असेल, तर आधी बँकेचा संदेश आणि साइटवरची व्यवहारांची यादी पाहा. नोंद नसेल तर काही मिनिटं थांबून पुन्हा पाहा, मगच प्रयत्न करा. विनंती कुठली होती ते कळायला ती पाठवण्याआधीच ब्राउझरमध्ये `F12` दाबून `Network` उघडं ठेवा: `Status` रकान्यात कोड असतो आणि त्या ओळीवर क्लिक केलं की पद्धतही दिसते. फॉर्म बनवणाऱ्याने प्रत्येक भरण्यासोबत एक वेगळा क्रमांक पाठवावा, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी वसुली न करता पहिल्याच व्यवहाराची पावती परत द्यावी.