पेन्शन अडकली, पण अडकली कुठे? तक्रारीत आधी तेवढं लिहा

इंदूरच्या आमच्या कॉलनीतल्या काकू सहायक शिक्षिका म्हणून 31 ऑगस्ट 2024 रोजी निवृत्त झाल्या. हार, नारळ, फोटो सगळं त्याच दिवशी मिळालं. पेन्शन मात्र या मे महिन्यापर्यंत सुरू झालेली नव्हती. मी स्वतः उभी नोकरी अकाउंट्समध्ये काढली आहे, म्हणून त्यांची पिशवी माझ्याकडे आली. तिच्यात तक्रार अर्जांच्या प्रती होत्या आणि सगळ्यांत एकच मजकूर होता: मी 38 वर्षं सेवा केली, पतीचं निधन झालं आहे, औषधांचा खर्च आहे, कृपया पेन्शन लवकर द्यावी.

यातला शब्दन् शब्द खरा आहे, पण बाबूला त्यावर करण्यासारखं काही नाही. नोव्हेंबरमध्ये 181 या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार केली, तिला उत्तर आलं, 'प्रकरण प्रक्रियाधीन है'. कोणाच्या टेबलावर, कधीपासून, हे तक्रारीतच विचारलं नव्हतं, मग उत्तरात कुठून येणार?

मी काकूंना म्हटलं, "आधी पेन्शन ऑफिसात जाऊन फक्त एवढंच विचारा, माझी केस परत गेली आहे का आणि कोणत्या जावक नंबरने?" तिथल्या बाईंनी दोन मिनिटांत रजिस्टर उघडून दाखवलं. केस 22 जुलै 2024 लाच आपत्ती, म्हणजे हरकत, लावून शाळेच्या संकुलाकडे, म्हणजे शाळांचं कामकाज बघणाऱ्या कार्यालयाकडे, परत गेली होती, जावक क्रमांक 1143. म्हणजे काकू निवृत्त व्हायच्याही आधी! आपत्ती अशी, की 1 जानेवारी 2006 च्या सहाव्या वेतनमानाच्या वेतननिश्चितीत एक वेतनवाढ जास्त लागली आहे, ती दुरुस्त करून वसुलीचा हिशोब जोडा. ते पत्र संकुलातल्या फायलीत नुसतं पडून होतं. आणि काकू इकडे बँकेत जाऊन विचारत होत्या, पैसे आले का. पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेशच, निघालेला नसेल तर बँक बिचारी काय देणार!

मग नवा अर्ज लिहिला. कलेक्टरच्या जनसुनावणीत द्यायचा म्हणून हिंदीत, त्याचा गाभा इथे मराठीत देतो.

'विषय: पेन्शन प्रकरणातील आपत्तीचे निराकरण न केल्याबाबत. संदर्भ: पेन्शन कार्यालयाचे पत्र क्र. 1143, दि. 22/07/2024, आणि माझा 181 वरील तक्रार क्रमांक. वरील पत्राचे उत्तर संकुलाकडून आजतागायत गेलेले नाही. विनंती: 1) उत्तर पाठवून त्याचा जावक क्रमांक व दिनांक मला लेखी कळवावा. 2) वाद एका वेतनवाढीचा असल्याने, वादात नसलेल्या वेतनावर अनंतिम पेन्शन मंजूर करावी. 3) वसुली प्रस्तावित असल्यास आदेशाची प्रत द्यावी.'

एका पानात संपलं. सोबत सेवापुस्तकाच्या वेतननिश्चितीच्या पानाची प्रत आणि निवृत्तीचा आदेश, बस.

दुसरी मागणी, अनंतिम म्हणजे तात्पुरत्या पेन्शनची, लोक करतच नाहीत, याचं मला नेहमी नवल वाटतं. मध्य प्रदेशच्या 1976 च्या पेन्शन नियमांत अंतिम हिशोब रखडला तर तात्पुरत्या पेन्शनची सोय आहे. एका वेतनवाढीच्या भांडणापायी अख्खी पेन्शन रोखून धरायची गरजच नसते. पण मागितल्याशिवाय कोणी आपणहून देत नाही.

तिसरी मागणी जरा समजून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये रफीक मसीह प्रकरणात सांगितलंय, की वर्ग 3 आणि 4 च्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच निवृत्त झालेल्यांकडून चुकून दिलेल्या जास्त वेतनाची वसुली करता येणार नाही. काकू दोन्हींत बसतात. मात्र वेतननिश्चितीच्या वेळी 'जास्त गेले तर परत करीन' असं वचनपत्र दिलेलं असेल तर खातं त्यावर बोट ठेवतं; 2016 च्या एका निकालाचा त्यांना आधारही आहे. म्हणून सेवापुस्तकात ते वचनपत्र चिकटवलंय का, हे आधी बघायचं. आमच्या केसमध्ये नव्हतं. आणि हेही खरं, की वसुली थांबली तरी चुकलेली वेतननिश्चिती पुढे दुरुस्त होऊ शकते आणि पेन्शन थोडी कमी बसू शकते. काकूंना हे पटायला वेळ लागला. "म्हणजे माझंच कापणार?" म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, वेतनवाढ खरंच जास्त लागली असेल तर पुढचं कापतील, मागचं नाही."

मंगळवारी कलेक्टर कार्यालयात अर्ज दिला, आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतली. शिक्क्याशिवाय तिथून हलायचं नाही, हे मी त्यांना घरूनच बजावून पाठवलं होतं. अर्जात पत्राचा नंबर होता, त्यामुळे 'फाइल सापडत नाही' म्हणायची सोय उरली नाही. संकुलाचं उत्तर त्याच पंधरवड्यात गेलं आणि त्याचा जावक नंबर काकूंच्या फोनवर आला. अनंतिम पेन्शनचा आदेशही निघालाय. ग्रॅच्युइटी अजून बाकी आहे.

आता विलंबाच्या व्याजाचा अर्ज तयार करतोय. केरळ राज्य विरुद्ध पद्मनाभन नायर या खटल्यात न्यायालयाने मान्य केलंय, की पेन्शन आणि ग्रॅच्युइटी द्यायला प्रशासनाच्या दोषाने उशीर झाला तर व्याज द्यावं लागतं. 22 जुलै 2024 ची ती आपत्ती त्या अर्जाला पहिलं परिशिष्ट म्हणून जोडणार आहे.