व्हर्जन हिस्ट्री आहे, तरी बदलाची नोंद लागतेच

"गूगल शीट आपोआप व्हर्जन हिस्ट्री ठेवते. कोणी काय बदललं ते दिसतं, चुकलं तर जुनं परत आणता येतं. मग बदलाची नोंद वेगळी लिहायची कशाला?"

सगळ्यात मोठी चूक "कोणी काय बदललं ते दिसतं" यात आहे. शेतकरी कंपनीचा कापूस खरेदीचा डॅशबोर्ड घ्या. वणी आणि पांढरकवडा ही दोन केंद्रं आपापल्या शीटमध्ये काटापट्ट्या भरतात, डॅशबोर्ड त्या `IMPORTRANGE` ने ओढतो. समजा, आठवड्यात वणीला 10 क्विंटल 7,000 च्या भावानं आणि पांढरकवड्याला 40 क्विंटल 6,500 नं घेतला. वजनानुसार सरासरी 6,600 रुपये. सोमवारी हाच आकडा संचालकांना गेला.

बुधवारी पांढरकवड्याच्या ऑपरेटरनं 40 चे 30 केले, कारण एक पट्टी दोनदा चढली होती. दुरुस्ती रास्तच आहे, पण सरासरी आता 6,625 दिसते. डॅशबोर्डच्या त्या सेलवर राइट क्लिक करून Show edit history पाहा: या बदलाचा मागमूस नाही. फॉर्म्युल्यामुळे बदललेला आकडा तिथे नोंदलाच जात नाही. खूण आहे ती केंद्राच्या शीटमध्ये, आणि ती सापडली तरी "पट्टी दुबार होती" हे कारण तिच्यात नसतं.

म्हणून अहवाल पाठवला की त्याचे आकडे 'पाठवलेले' नावाच्या टॅबवर Ctrl+Shift+V नं नुसत्या किमती म्हणून चिकटवा आणि तो टॅब प्रोटेक्ट करा. B4 मध्ये त्याच आठवड्याचा चालू हिशेब, C4 मध्ये पाठवलेला आकडा, आणि D4 मध्ये हे:

```
=IF(ROUND(B4-C4,2)=0,"जुळते","बदलले")
```

B4 मध्ये तारखा पक्क्या हव्यात. "चालू आठवडा" धरला तर दर सोमवारी उगाच "बदलले" येईल.

"बदलले" दिसलं की 'बदल-नोंद' टॅबवर एक ओळ: तारीख, कुठली शीट आणि सेल, आधी 40, आता 30, सरासरी 6,600 वरून 6,625, कारण, कोणी केलं, कोणी तपासलं, कोणता पाठवलेला अहवाल बाधित. शेवटचा रकाना कधीच रिकामा सोडू नये, संचालकांना दुरुस्ती कळवायची ती त्याच्यावरूनच. फॉर्म्युला बदलला असेल तर जुना आणि नवा दोन्ही लिहा, सुरुवातीला `'` लावून, म्हणजे ते मजकूर म्हणून राहतात.

"आपोआप" म्हणाल, तर जागा वाचवायला गूगल जुन्या आवृत्त्या कधीकधी एकत्र करतं. रचना बदलण्याआधी Name current version नं आवृत्तीला नाव द्या आणि तेच नाव नोंदीत लिहा.

राहिलं "जुनं परत आणता येतं". Restore this version एक सेल नाही, अख्खी फाइल मागे नेतं. त्यानंतर भरलेल्या पट्ट्याही चालू शीटमधून जातात. त्याऐवजी त्या आवृत्तीची Make a copy करा आणि हवा तेवढाच फॉर्म्युला उचलून आणा. अन् केंद्राच्या शीटमध्ये झालेला बदल डॅशबोर्ड रिस्टोअर करून मागे जातच नाही.