खालची ती ओळ कचरा नव्हती

आज सकाळी तळमजल्यावरच्या काकांचा चेहरा पाहिला आणि तेव्हापासून डोकं तापलंय. तीन आठवडे बिल्डिंगच्या ग्रुपवर त्या माणसाला खोटारडा ठरवणं चालू होतं, आणि त्यांच्या घरात भाड्याने राहणाऱ्या मुलीलाही. उत्तर मात्र पहिल्या दिवसापासून ग्रुपवरच पडलेलं होतं, चार इंग्रजी शब्दांत: Sent from my iPhone.

प्रकरण बहुतेकांना माहीत आहे, तरी सांगते. मुलगी घर सोडून गेली, डिपॉझिट ६०,००० रुपये. काका म्हणाले, रंगकामाचे कापून देतो. तिच्या भावाने ग्रुपवर मजकूर पेस्ट केला, "रंगाचे पैसे कापणार नाही, पूर्ण डिपॉझिट परत देईन", आणि वर लिहिलं, "काकांनी व्हॉट्सअॅपवर कबूल केलंय". काकांनी सगळं चॅट तपासलं. तिथे असं काही नव्हतं. म्हणून ते म्हणाले, हा मजकूर बनावट आहे. झालं, दोन तट पडले. त्यात एका सद्गृहस्थांनी तोच मजकूर "स्वच्छ करून" पुन्हा टाकला. खालच्या दोन इंग्रजी ओळी काढल्या आणि वर "फालतू भाग काढलाय" असंही लिहिलं.

त्याच दोन ओळींनी सगळं सांगितलं असतं!

व्हॉट्सअॅप कुठल्याही मेसेजखाली अशी ओळ घालत नाही. एसएमएसही घालत नाही. आयफोनवरचं जीमेलचं अॅपसुद्धा आपणहून Sent from my iPhone लिहीत नाही. ती ओळ घालतं आयफोनमधलं अॅपलचं स्वतःचं मेल अॅप, तेही तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन बदलली किंवा पुसली नसेल तर. आपल्यातल्या बहुतेकांना ते सेटिंग कुठे आहे हेच माहीत नसतं, म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच जात राहते. म्हणजे तो मजकूर व्हॉट्सअॅपवर लिहिलेलाच नव्हता, तो ईमेल होता. भावापर्यंत तो व्हॉट्सअॅपवरून पोहोचला, कारण बहिणीने मेलमधून कॉपी करून त्याला पाठवला होता. मधल्या टप्प्याला सगळे उगम समजून बसले. काका व्हॉट्सअॅपवर शोधत राहिले आणि त्यांना ते सापडणं शक्यच नव्हतं.

आउटलुकच्या मोबाइल अॅपची ओळ वेगळी असते, Get Outlook for Android किंवा Get Outlook for iOS. याहूची वेगळी. जुन्या ब्लॅकबेरीवरून आलेल्या मेलखाली तर मोबाइल कंपनीचंही नाव असायचं. शब्द जसेच्या तसे जपले, तर कुठलं अॅप ते कळतं. फोन जर्मन भाषेत असेल तर तीच ओळ Von meinem iPhone gesendet अशी येते.

हो, ती ओळ हाताने कोणीही टाइप करू शकतो, आणि काही जण लॅपटॉपवरच्या सहीतसुद्धा मुद्दाम ठेवतात. मान्य. पण डिपॉझिटसाठी खोटा मेसेज रचणारा माणूस वर "व्हॉट्सअॅप" म्हणेल आणि खाली ईमेलची ओळ चिकटवेल, हे कोणाला पटतं? शिवाय हाताने सही घातल्याची एक खूण बऱ्याचदा मागे राहते. जीमेलच्या वेबवरच्या सहीच्या चौकटीत ती ओळ लिहून ठेवली, तर सहीच्या वर दोन आडव्या रेघांची एक ओळ येते, `--` अशी. ती काढायची सोय सेटिंगमध्ये आहे, पण बहुतेक जण काढत नाहीत. आयफोनचं मेल अॅप ती रेघ घालत नाही. काकांच्या मजकुरात ती नव्हती.

आता दुसरी ओळ, जी त्या सद्गृहस्थांनी उडवली. ती अशी होती (नाव आणि पत्ता मी गाळलाय):

```
Sent from my iPhone

On 4 Mar 2024, at 9:12 PM, ... wrote:
```

आयफोनवरून मेलला उत्तर दिलं की क्रम असाच पडतो. वर तुमचं उत्तर, मग फोनची ओळ, मग On ... wrote: आणि त्याखाली समोरच्याचा मूळ मेल. म्हणून फोनची ओळ wrote: च्या वर आहे की खाली, हे बघावंच लागतं. खाली असती तर आयफोन त्या मुलीचा ठरला असता आणि काकांबद्दल त्यातून काहीच सिद्ध झालं नसतं. इथे ती वर होती, म्हणजे उत्तर लिहिणाऱ्याची.

आणि ४ मार्च, रात्री ९.१२ ही वेळ काकांच्या उत्तराची नाही. ती मुलीच्या मेलची आहे, जिला उत्तर दिलं गेलं. ग्रुपवर दोघांनी हाच घोळ घातला, "काका ४ तारखेला रात्री लग्नाला होते, मेल कुठून करतील?" असलं बरंच काही. उत्तर त्यानंतर कधीही गेलेलं असू शकतं.

मुलीचा मेल जुन्या कंपनीच्या खात्यावर होता, नोकरी सोडल्यावर ते बंद झालं. तिच्याकडे मूळ प्रत उरलीच नव्हती, तिला दोष देऊन उपयोग नाही. मूळ असेल तर फक्त काकांकडे. काका म्हणत राहिले, "मी मेल फक्त लॅपटॉपवर करतो." त्यांच्या मुलाने काल रात्री लॅपटॉपवर जीमेल उघडून शोधलं:

```
in:sent "Sent from my iPhone" after:2024/03/03 before:2024/03/12
```

तीन मेल निघाले, त्यातला तिसरा हाच. फोनवरून गेलेलं उत्तर त्याच खात्याच्या पाठवलेल्या मेलमध्ये साठतं, हे काकांच्या लक्षात नव्हतं. मुलाने तीन टिंबांवर दाबून Show original उघडलं, तर आत मेल कुठल्या अॅपमधून गेला त्याची नोंद, `X-Mailer: iPhone Mail (20G75)`. 20G75 म्हणजे आयओएस १६.६, काका फोन अपडेट करत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे संशय संपला. पेस्ट केलेल्या मजकुरातली ओळ कुठे शोधायचं ते सांगते, पक्कं करतो तो हा मूळ मेल. कोर्टात गेलं असतं, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागलं असतं. ग्रुपवरची पेस्ट तिथे फारशी टिकली नसती.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. काका खोटं बोलत नव्हते, ते विसरले होते. सत्तरीच्या माणसाने चौदा महिन्यांपूर्वी फोनवर दोन बोटांनी लिहिलेला मेल आठवावा, अशी अपेक्षा कोण करतं? मुलगीही खोटं बोलत नव्हती.

पण एक उलटी चूक करू नका. अशी ओळ नसली, म्हणजे मेल फोनवरून गेला नाही, असं मुळीच नाही. ती पुसलेली असू शकते, दुसरं अॅप असू शकतं, किंवा मधल्या कोणीतरी "स्वच्छ" केलेलं असू शकतं. ओळ असेल तर बोलते, नसेल तर काहीच सांगत नाही. म्हणून पेस्ट करताना वरच्या तारखेपासून खालच्या शेवटच्या शब्दापर्यंत सगळं घ्या, आणि मजकूर कुठून कॉपी केला ते स्वतःच्या शब्दांत वेगळं लिहा.

काकांनी दुपारी पैसे पाठवले, पूर्ण ६०,०००, आणि मुलीला फोन करून माफी मागितली. ग्रुपवर काकांची माफी अजून एकानेही मागितलेली नाही.