बंद झालेलं गूगल खातं आणि ओटीपीची आशा

फिरत आलेला निरोप असा: "गूगलचं जुनं खातं डिलीट झालं तरी घाबरू नका. बँकेच्या खात्यासारखंच आहे, दहा वर्षांनीही परत मिळतं. डेटा सर्व्हरवर कायम असतो. नंबर तोच ठेवा, ओटीपी टाकला की सगळं जागेवर. आणि फोनमध्ये लॉगिन असेल तर खातं कधीच बंद होत नाही. सर्वांना पाठवा."

देवगडातल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात हा निरोप दाखवत यंदा बरेच जण आले. त्यातल्या एका बागायतदार काकांची गोष्ट पुढे सांगतो. पण आधी बँकेचं बघू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

बँकेत दोन वर्षं तुम्ही स्वतः काही व्यवहार केला नाही, तर खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली की पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जातात. तरीही ते तुमचेच असतात. ओळखीची कागदपत्रं घेऊन शाखेत गेलात की मागता येतात, कुठल्या बँकेत अडकलेत ते उद्गम पोर्टलवर शोधता येतं. याचं कारण असं, की बँक तुमचं देणं लागते. मोफत मेलमध्ये असं देणं नसतं. तिथे फक्त वापराच्या अटी असतात, आणि त्या अटींत मुदत लिहिलेली असते. गूगलने 16 मे 2023 रोजी जाहीर केलं की दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं, त्यातल्या मेल, फोटो आणि फायलींसकट, काढून टाकलं जाऊ शकतं. प्रत्यक्ष काढायची सुरुवात 1 डिसेंबर 2023 च्या आधी होणार नव्हती. शाळा-कॉलेज किंवा कंपनीने दिलेली खाती यात नाहीत. चालू सबस्क्रिप्शन असलेलं किंवा मुलाचं खातं सांभाळणारं खातंही सुटतं. पण आपल्याकडे बहुतेकांचं खातं साधंच असतं.

सर्व्हरबद्दल गूगलनेच लिहून ठेवलंय. एखादी गोष्ट डिलीट झाली की ती त्यांच्या यंत्रणेतून पुसायला साधारण दोन महिने लागतात. चुकून डिलीट झालं असेल तर परत घेण्यासाठी महिन्यापर्यंतचा काळ बहुधा त्यातच धरलेला असतो. बॅकअपमध्ये प्रत सहा महिन्यांपर्यंत राहू शकते, पण ती कुलूपबंद असते आणि यंत्रणा कोसळली तर वापरण्यासाठी असते. तुमच्या-माझ्या अर्जावर ती कुणी उघडत नाही. म्हणून "डेटा कुठेतरी असणारच" म्हणून पैसे मागणाऱ्याकडे विकायला काहीच नसतं. खातं नुकतंच गेलं असेल तर accounts.google.com/signin/recovery वर स्वतः बसून प्रयत्न करा. नेहमीच्या फोनवरून, नेहमीच्या जागेवरून करा आणि आठवेल तो जुना पासवर्ड द्या. त्याला एक पैसा लागत नाही.

आता काका. त्यांच्या जुन्या खात्यात सात-आठ हंगामांची गिऱ्हाइकं होती. पुण्या-मुंबईची नावं, नंबर, कुणाला किती डझनाची पेटी लागते, सगळं कॉन्टॅक्टमध्येच लिहिलेलं. 2022 चा हंगाम मे अखेर संपला, जूनमध्ये त्यांनी नवा फोन घेतला, आणि फोन विकणाऱ्या पोराने पासवर्ड विचारायच्या भानगडीत न पडता सरळ नवं खातं उघडून दिलं. हे सर्रास चालतं. जुन्या खात्यातली नावं नव्या फोनवर आलीच नाहीत, पण व्हॉट्सॲपवर नेहमीची गिऱ्हाइकं होती म्हणून काकांच्या ते लक्षात आलं नाही. जून 2024 ला दोन वर्षं भरली. तिथून पुढे ते खातं कधीही जाऊ शकत होतं. काका माझ्याकडे आले फेब्रुवारी 2025 मध्ये, मोहोर धरला होता तेव्हा. "ह्यां परत गावतला मां रे?" एवढंच विचारलं त्यांनी.

पत्ता टाकला, तर पडद्यावर आलं: Couldn't find your Google Account. स्पेलिंग चुकलं असेल म्हणून दोनदा तपासलं. मग तोच पत्ता घेऊन नवं खातं उघडायला गेलो, तर नाव उपलब्ध नाही असं उत्तर. या दोन उत्तरांची जोडी ओळखून ठेवा. डिलीट झालेला जीमेल पत्ता पुन्हा कुणालाच मिळत नाही, त्यामुळे लॉगिनला सापडत नाही आणि नव्यालाही मिळत नाही, तर खातं बहुधा गेलेलं असतं. अगदी मिळतंजुळतं नाव दुसऱ्या कुणाचं असलं तरी नकार येतो, म्हणून आधी स्पेलिंगची खात्री करा. पत्ता बरोबर असून फक्त पासवर्ड चुकतोय असं आलं, तर मात्र आनंदाची गोष्ट. खातं जिवंत आहे.

काकांचा नंबर तोच होता, पण ओटीपी आलाच नाही. ओटीपी म्हणजे तुम्ही कोण याचा पुरावा. दारच उरलं नसेल तर किल्ली कशाला लावायची? शिवाय "नंबर तोच" हेही दर वेळी खरं नसतं. प्रीपेड सिम 90 दिवस वापरलं नाही आणि त्यात वीस रुपयेही नसले, तर ते बंद होऊ शकतं. बंद झालेला नंबर कमीत कमी 90 दिवसांनी दुसऱ्याला दिला जातो. जहाजावर आठ-नऊ महिने जाणाऱ्या आपल्या पोरांचं हे नेहमी होतं. खातं शाबूत असतं, पण ओटीपी तिसऱ्याच माणसाच्या फोनवर जातो. डिलीट करण्याआधी गूगल काही महिन्यांत अनेक इशारे पाठवतं, पण ते त्या खात्यावर आणि रिकव्हरी मेलवर जातात. काकांच्या खात्याला रिकव्हरी मेल लावलेलाच नव्हता.

फोनमध्ये लॉगिन आहे म्हणून निर्धास्त राहण्याबद्दल: गूगल खात्याचा वापर बघतं, फोन नव्हे. मेल वाचणं, लॉगिन असताना सर्च करणं, यूट्यूब बघणं, प्लेस्टोअरवरून ॲप घेणं हा वापर झाला. रोजच्या फोनमधलं खातं त्यामुळे आपोआप चालू राहतं. कपाटातल्या फोनमधलं राहत नाही. फोटोंसाठी तर वेगळी अट आहे, दोन वर्षांतून एकदा गूगल फोटो उघडावंच लागतं. मुलीच्या बारशाचे फोटो जुन्या खात्यात ठेवून नुसता मेल बघत असाल, तर आज तेही उघडा.

खातं गेलं तरी फोनवर उतरलेलं काही वेळा उरतं, आणि निरोपात नेमकं हेच नाही. काकांचा जुना फोन माळ्यावर होता, काच तडकलेली. मी तो सिम न घालता, फ्लाइट मोडवर ठेवून सुरू केला. नेटला जोडला असता तर खातं नाही म्हणून सिंक झालेली नावं उडण्याची भीती होती. कॉन्टॅक्ट ॲपमधून Export करून .vcf फाईल काढली, ती केबलने कॉम्प्युटरवर घेतली आणि मगच नव्या फोनमध्ये भरली. DCIM फोल्डरमधले कॅमेऱ्याचे फोटोही मिळाले. जुने मेल मात्र गेले. दोन व्यापाऱ्यांशी झालेला भावाचा पत्रव्यवहार त्यांच्याकडूनच परत मागवून घेतला, पाठवलेल्या मेलची प्रत समोरच्याकडे असतेच.

काकांच्या नव्या खात्याला आता दादरला राहणाऱ्या मुलीचा मेल रिकव्हरीला लावलाय. myaccount.google.com/inactive वर तीन महिने निवडलेत. तेवढे दिवस खातं वापरलं गेलं नाही, तर आधी काकांना कळवून मग मुलीला निरोप जाईल आणि कॉन्टॅक्ट तिला उतरवून घेता येतील.