विथड्रॉवल ‘पेंडिंग’ असतं तेव्हा नेमकं काय चाललेलं असतं?

ऑनलाइन कॅसिनोचा विषय निघाला की चर्चा खेळांवर येते. स्लॉट फिक्स असतो का, रूलेटचा आकडा खरंच रँडम असतो का, वगैरे. माझा राग खेळ संपल्यानंतरच्या एका छोट्याशा बटणावर आहे. पेमेंट सिस्टिम्सशी कामानिमित्त संबंध येत असल्यामुळे असेल, पण मला खेळांपेक्षा ते बटण जास्त बेरकी वाटतं.

कोणी तरी खेळता खेळता जिंकलं, खात्यात १०,००० झाले. (चलन तुम्हाला हवं ते धरा, हिशेब बदलत नाही.) त्याने शहाणपणा केला, थांबला आणि सगळी रक्कम काढायची विनंती टाकली. स्क्रीनवर ‘पेंडिंग’ असं येतं आणि शेजारी किंवा खाली एक बटण असतं: विथड्रॉवल रद्द करा. दाबलं की १०,००० त्याच क्षणी परत खेळण्याच्या बॅलन्समध्ये. याला रिव्हर्स विथड्रॉवल म्हणतात आणि कंपन्या ही ‘सोय’ म्हणून सांगतात.

आधी पडद्यामागे काय होतं ते बघू. विनंती टाकली म्हणजे पैसे बँकेकडे निघाले, असा आपला समज असतो. तसं काही झालेलं नसतं. कंपनीच्या हिशेबात रक्कम फक्त एका रकान्यातून दुसऱ्यात गेलेली असते, ‘खेळायला उपलब्ध’मधून ‘काढण्यासाठी राखीव’मध्ये. पैसे कंपनीकडेच असतात. मग अटींमध्ये लिहिलेला पेंडिंगचा काळ सुरू होतो, कुठे २४ तास, कुठे ४८, कुठे ७२. तो संपल्यावर तपासणी, मंजुरी आणि मग पेमेंट गेटवेकडे रवानगी. म्हणजे वाट पाहण्याचे दोन तुकडे असतात. तपासणीच्या तुकड्यात खरोखर काम चालू असतं, त्याआधीच्या पेंडिंगच्या तुकड्यात बऱ्याचदा कोणीही काहीही करत नसतं. रद्द करण्याचं बटण याच रिकाम्या तुकड्यात राहतं. पैसे भरताना मात्र हीच यंत्रणा काही सेकंदांत काम उरकते.

आता तो ४८ तासांचा काळ खेळणाऱ्याच्या बाजूने बघा. पैसे आले का, हे पाहायला तो अ‍ॅप उघडणारच. समजा, दोन दिवसांत दहा वेळा उघडलं. माणूस बऱ्यापैकी संयमी आहे, दर वेळी बटण दाबण्याची शक्यता फक्त १० टक्के धरू. म्हणजे प्रत्येक वेळी ९० टक्के तो मोह टाळतो. दहाच्या दहा वेळा टाळण्याची शक्यता किती? ०.९ चा दहावा घात, म्हणजे साधारण ३५ टक्के. उरलेल्या ६५ टक्के वेळा कुठे तरी एकदा बटण दाबलं जातं. हे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत. खऱ्या माणसांचा संयम असा सरळ गुणाकाराने चालत नाही, कोणी दहाही वेळा ठाम राहील, कोणी पहिल्याच वेळी घसरेल. पण रचना कळायला एवढं पुरे. पैसे काढण्याचा निर्णय टिकायचा तर तो दहा वेळा टिकावा लागतो, आणि मोडायला एकदा मोडला तरी पुरतो. ताट वाढून समोर ठेवायचं आणि दोन दिवस उपास कर म्हणायचं, असा हा प्रकार आहे.

यातला दुसरा खोडसाळपणा घड्याळाचा. रद्द करणं तत्काळ लागू होतं, पण ते रद्द करणं रद्द करता येत नाही. परत पैसे काढायचे तर नवी विनंती टाका, नवे ४८ तास मोजा. आधीचे तीस तास थांबलात, ते गेले.

आपल्या माणसाने तिसाव्या तासाला बटण दाबलं असं धरू. मनात होतं, फक्त २,००० घेऊन थोडं खेळू. पण सगळीकडे रकमेचा काही भाग परत घेता येत नाही, अनेकदा संपूर्ण विनंतीच रद्द होते आणि सगळे १०,००० समोर येतात. तो ५० च्या पैजेने स्लॉट फिरवतो. स्लॉटचा परतावा ९६ टक्के, म्हणजे लावलेल्या पैशावर सरासरी ४ टक्के कंपनीचे. मिनिटाला १० फेऱ्या, तासाला ६००. एका तासात ३०,००० ची उलाढाल, सरासरी तोटा १,२००. ऐकायला बरंच सौम्य वाटतं. पण सरासरी कोणाच्याच वाट्याला जशीच्या तशी येत नाही. त्याच तासात बॅलन्स १२,००० ही होऊ शकतो किंवा ६,५०० ही.

समजा ६,५०० झाला. तो दचकतो, पुन्हा विनंती टाकतो. पुन्हा ४८ तास, पुन्हा तेच बटण. आणि आता त्याच्या डोक्यात ‘गेलेले ३,५००’ बसलेले आहेत, त्यामुळे या वेळचा मोह पहिल्यापेक्षा मोठा. असं दोन-तीनदा झालं आणि बॅलन्स ७०० वर आला, तर वेगळीच अडचण. किमान काढता येणारी रक्कम १,००० असेल तर ७०० काढताच येत नाहीत. ते खेळावेच लागतात, किंवा तसेच पडून राहतात. या सगळ्या चक्राला बाहेर पडायच्या दोन वाटा आहेत. बँकेकडे जाणारी वाट दर वेळी ४८ तासांची, शून्याकडे जाणारीवर थांबायची गरजच नाही. मग बहुतेक पैसे कोणत्या वाटेने जाणार, हे सांगायला सांख्यिकी लागत नाही.

एक गोष्ट मला फारशी कुठे बोललेली दिसत नाही. अनेक जण स्वतःवर डिपॉझिट लिमिट लावून घेतात, आठवड्याला अमुक रकमेपेक्षा जास्त भरायचे नाहीत. काही बँका जुगाराची पेमेंट्स अडवण्याची सोयही देतात. पण रद्द केलेलं विथड्रॉवल हे नवं डिपॉझिट नसतं. कार्ड वापरलं जात नाही, ओटीपी येत नाही, बँकेला पत्ताही लागत नाही. फक्त भरलेले पैसे मोजणारी मर्यादा इथे काहीच मोजत नाही. ज्याने आठवड्याला ५०० ची मर्यादा घातली, तोही एका टॅपमध्ये १०,००० खेळात आणू शकतो. स्वतःला आवरण्यासाठी त्याने बांधलेल्या कुंपणाला कंपनीने आतून दार ठेवलंय.

आणि काही ठिकाणी तर आमिषच येतं: विनंती रद्द करा, वर २० टक्के बोनस घ्या. १०,००० वर २,००० फुकट! हिशेब करू. समजा अट आहे की मूळ रक्कम आणि बोनस मिळून ३० पट खेळल्याशिवाय काही काढता येणार नाही. १२,००० गुणिले ३०, म्हणजे ३,६०,००० ची उलाढाल. त्यावर ४ टक्के दराने सरासरी तोटा १४,४००. हातात आहेत १२,०००. अट पूर्ण होण्याआधीच पैसे संपण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्या बदल्यात सोडलेत काढायला ठेवलेले १०,०००.

कंपन्यांचं म्हणणं असं की थांबण्याचा काळ ओळख पटवण्यासाठी, फसवणूक आणि मनी लाँडरिंग तपासण्यासाठी लागतो. लागतो की. कागदपत्रं तपासायला, कार्ड चोरीचं नाही ना हे बघायला वेळ जातो, याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या तपासणीसाठी रद्द करण्याचं बटण कशाला हवं? तपासणी चालू असताना रक्कम कुलूपबंद ठेवता येते. उलट, ज्या पैशाबद्दल कंपनीला शंका आहे तेच पैसे ती खेळायला बिनतक्रार परत देते, हे जरा गंमतशीर आहे. दुसरा मुद्दा येतो चुकीची रक्कम टाकली तर काय, याचा. त्यासाठी पाच-दहा मिनिटांची मुभा पुरे, तीन दिवसांची नको. आणि ज्याला खरंच पुन्हा खेळायचंय त्याने पैसे हातात आल्यावर परत भरावेत, कोण अडवतंय?

‘शेवटी बटण त्यानेच दाबलं ना’ हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. जिंकलेला पैसा माणूस स्वतःच्या कमाईसारखा वागवत नाही, हे रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी १९९० मध्येच मांडलं होतं. तो ‘त्यांचाच’ पैसा वाटतो, त्यावर धोका पत्करणं सोपं जातं. बँकेत जमा झाला की तोच पैसा घरभाड्याचा होतो. पेंडिंगमध्ये ठेवणं म्हणजे तो ‘त्यांचाच’ राहील अशा अवस्थेत ठेवणं.

हे बटण काढून टाकता येतं, याचा पुरावाही आहे. ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनने मे २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, परवानाधारक कंपन्यांना ही सोय बंद ठेवायला सांगितलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये कायमच्या बंदीची घोषणा झाली आणि ३१ ऑक्टोबर २०२१ पासून नियम लागू झाला: पैसे काढण्याची विनंती रद्द करण्याचा पर्याय ग्राहकाला द्यायचाच नाही. तिथल्या परवानाधारक कंपन्यांची तपासणी त्यानंतरही चालूच आहे, म्हणजे ती या बटणावर अवलंबून नव्हती. अर्थात ज्या साइटकडे तो परवाना नाही, तिला हा नियम बांधत नाही.

म्हणून साइट कशी आहे हे पैसे भरण्याआधीच बघा. अटींमध्ये ‘पेंडिंग पीरियड’ आणि ‘रिव्हर्स’ हे शब्द शोधा. ओळखीची कागदपत्रं पहिल्या दिवशीच देऊन टाका, म्हणजे तपासणीचं कारण उरत नाही. तरीही प्रत्येक विथड्रॉवल बरोबर ठरलेले ४८ तास एकाच शब्दावर अडकून राहत असेल, एकही कागद मागितला जात नसेल, तर तो तपासणीचा वेळ नाही.

काही साइट्सवर विनंती ‘फ्लश’ करता येते, म्हणजे ती लॉक होते आणि रद्द करण्याचा पर्याय निघून जातो. हे बटण बहुतेक ठळक नसतं, कधी सेटिंग्जमध्ये दडलेलं असतं, कधी सपोर्टला चॅटवर सांगावं लागतं. तेव्हा विनंती टाकल्या टाकल्या लेखी विचारा: माझं विथड्रॉवल आत्ता लॉक कराल का? ‘हो’ आलं तर स्क्रीनवरून बटण गेलंय का ते बघा. ‘सिस्टिममध्ये तशी सोय नाही’ असं आलं तर त्यांना विचारा, मग रद्द करण्याची सोय सिस्टिममध्ये कोणी आणि कशासाठी बनवली?