आत्याला हसण्याआधी ती हिरवी पट्टी बघा

आज सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर आत्याचा मेसेज आला. 'सर्वांना ३ महिने मोफत रिचार्ज. मला मिळाला, तुम्हीही लगेच घ्या', आणि खाली लिंक. दोन चुलतभावांनी लगेच हसून लोळणारे चेहरे टाकले. तिसऱ्याने लिहिलं, 'आत्या, जरा डोकं वापरत जा.' आत्याने मेसेज काढून टाकला आणि त्यानंतर ग्रुपवर एक शब्द बोलली नाही. रोज सकाळी अभंग टाकणारी बाई आहे ती.

मला भयंकर राग आलाय, आणि आत्याचा नाही.

दुपारी ती लिंक मी सिम नसलेल्या जुन्या फोनवर उघडली. तुम्ही हे करू नका. कंपनीचं हुबेहूब चिन्ह, दोन-तीन सोपे प्रश्न, मग 'अभिनंदन!' खाली 'मला मिळाला, धन्यवाद' अशा कॉमेंट, त्याही पानावर आधीच छापलेल्या. मग अट येते: व्हॉट्सॲपवर इतक्या जणांना पाठवा, हिरवी पट्टी भरली की रिचार्ज सुरू. मी बटण दाबलं, व्हॉट्सॲप उघडलं, कोणालाही काही न पाठवता मागे आले. पट्टी तरी पुढे सरकली! तुम्ही मेसेज पाठवलात की नाही हे त्या पानाला कळतच नाही. ते फक्त बटणावरची बोटं मोजतं. पट्टी भरली की पुढे जाहिराती, नाहीतर 'हे ॲप टाका'.

म्हणजे आत्याने 'मला मिळाला' असं खोटं लिहिलं नव्हतं. ते वाक्य त्या बटणातच भरून ठेवलं होतं. आणि हा मेसेज फॉरवर्ड होत नाही, प्रत्येक वेळी नवा तयार होतो. त्यामुळे त्यावर 'फॉरवर्डेड' ही खूणही येत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, आत्यानेच स्वतः टाइप केलंय. आत्यालाही तिच्या भजनी मंडळातल्या मैत्रिणीकडून तो असाच आला होता. परक्याचा असता तर तिने उघडलाही नसता. त्या हरामखोरांनी रिचार्ज विकलाच नाही, आमच्या आत्याची पत वापरली.

बरं, मान्य. अशा बऱ्याच लिंकांमधून थेट पैसे जात नाहीत, जाहिरातींवरच त्यांचं पोट भरतं. पण ज्या लिंकमागे ॲप असतं, ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागू शकतं, आणि बँकेचा ओटीपी बहुतेक वेळा एसएमएसनेच येतो. कुठल्या लिंकमागे काय आहे, हे बाहेरून ओळखायचं कसं?

आणि भावांनो, तुम्हाला हसायला काय जातं? जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले, तेव्हापासून आत्या महिन्याच्या महिन्याला हिशोब करते. तिला तो मेसेज खरा वाटावा अशी तिची परिस्थिती आहे. पंतप्रधान २३९ रुपयांचा २८ दिवसांचा रिचार्ज फुकट देतायत, हा मेसेज २०२३ मध्ये फिरला होता. तो खोटा आहे हे केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकला जाहीर करावं लागलं. तो पुढे पाठवणाऱ्या काय सगळ्या आत्याच होत्या?

संध्याकाळी तिला फोन केला. पहिलं वाक्य काय, तर 'माझ्यामुळे कोणाचे पैसे गेले नाहीत ना गं?' तिने फक्त लिंक उघडून मेसेज पाठवला होता. नंबर, पिन, ॲप काही नाही. तेवढ्याने खात्यातून पैसे जात नाहीत हे तिला नीट सांगितलं, तेव्हा तिचा आवाज जरा मोकळा झाला. मग ग्रुपवर मी हे टाकलं:

'मोफत रिचार्जची लिंक कोणीही उघडू नका. ती मैत्रिणीच्या, भाच्याच्या, कोणाच्याही नावाने येऊ शकते, पाठवणाऱ्याला ओरडू नका. खरी ऑफर असेल तर कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये दिसते. "इतक्या जणांना पाठवा" अशी अट आली की तिथेच बंद करा. लिंकमध्ये कंपनीचं नाव दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका, ते नाव कोणीही घालू शकतं. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. लिंकवरून ॲप टाकलं असेल तर आधी इंटरनेट बंद करा, ॲप काढा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा, तक्रार cybercrime.gov.in वरही होते. कोणी पाठवलं याची चौकशी नंतर.'

हवं तर उचला आणि तुमच्या ग्रुपवर टाका, माझं नाव नको. ज्यांनी मेसेज पाठवला असेल त्यांना मात्र आधी वेगळा फोन करा. आणि आमचे तिघे शहाणे हे वाचत असतील तर आत्याचा नंबर त्यांच्याकडे आहे. माफी मागायची आहे, आजच.