वाकलेल्या पिनेबद्दल दुकानाकडून उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय: "चार्जिंग लूज होतं म्हणून फोन दिला. टोकदार पिनेने कचरा काढला आणि पैसे घेतले. आठवड्याभरात पुन्हा तेच, आता एकाच बाजूने चार्ज होतो. परत गेलो तर म्हणतात पिन वाकली, पोर्ट बदला. पिन यांनीच वाकवली. फसवणूक आहे, जाऊ नका."

नमस्कार सर,

आपल्याला दोनदा यावं लागलं आणि कामाच्या दिवसांत फोन बंद राहिला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. वेळ कमी-जास्त लागला, बोलण्यात कुणाकडून रुक्षपणा झाला, हे सगळं ऐकून घेईन. पण "पिन यांनीच वाकवली" हे वाक्य वाचून रात्री झोप लागली नाही. हे दुकान लोकांच्या विश्वासावर चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण पहिल्यांदा आलात तेव्हा केबल पोर्टमध्ये पूर्ण बसतच नव्हती. प्लगचा धातूचा भाग फोनच्या कडेपाशी थोडा बाहेर दिसत होता, आणि शेवटी जो बारीक 'टक' आवाज होतो तो होत नव्हता. आम्ही आधी आमच्याकडची नवी केबल लावून पाहिली, कारण टाइप-सीमध्ये पकड धरणाऱ्या स्प्रिंगा केबलच्या प्लगमध्ये असतात आणि पुष्कळदा झिजलेली असते ती केबलच. नवी केबलही तशीच अडली. म्हणजे अडथळा पोर्टच्या आत होता. फोन खिशात राहिला की कपड्याचे तंतू पोर्टमध्ये शिरतात, आणि प्रत्येक वेळी प्लग घालताना आपण ते मागच्या भिंतीपर्यंत ठासत जातो. काही महिन्यांत त्याचा गादीतल्या जुन्या कापसासारखा घट्ट थर होतो. वरवर पाहिलं तर पोर्ट स्वच्छ वाटतं. टॉर्च सरळ आत मारला तरच मागे तो करडा थर दिसतो.

आता त्या 'टोकदार पिने'बद्दल. ते आमचं काळं टोकण आहे, सर, म्हणजे पोर्ट साफ करायची नायलॉनची बारीक काडी. काउंटरच्या पलीकडून ते सुईसारखं दिसलं असेल, हे मला कळतं. पण पोर्टमध्ये आम्ही धातू घालत नाही, आणि त्याचं कारण आपल्याच फोनवर नंतर दिसलं. टाइप-सी पोर्टच्या मधोमध एक पातळ जीभ असते. तिच्या वरच्या बाजूला १२ आणि खालच्या बाजूला १२ अशा एकूण २४ पट्ट्या असतात, त्यांनाच आपण पिना म्हणतो. जिभेच्या वर आणि खाली जी फट असते ती १ मिलिमीटरपेक्षाही कमी. साधी दात कोरायची काडीसुद्धा न तासता तिथे जात नाही. त्या फटीत सुई गेली की तिचं टोक पट्टीवर घासणारच. पट्टीवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो, तो खरवडला की खालचा धातू उघडा पडून काळा पडू लागतो. आणि टोक पट्टीच्या पुढच्या कडेखाली गेलं तर पट्टी प्लास्टिकमधून उचकटते.

आम्ही फोन बंद करून, टोकण जिभेपासून लांब, बाहेरच्या भिंतीला लावून आत नेलं. मागच्या कोपऱ्यात टेकवून कचरा बाहेरच्या दिशेने ओढला. आत ढकलला नाही. दोन्ही कोपरे झाल्यावर मऊ ब्रशवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब घेऊन जीभ हलक्या हाताने पुसली आणि पूर्ण वाळू दिली. मग केबल लावली, 'टक' झालं. प्लग उलटा करून लावला, तेव्हाही चार्जिंगची खूण आली. हे आपल्यासमोर केलं होतं. पैसे या कामाचे घेतले. कचरा निघायला थोडाच वेळ लागला म्हणून ते काम कमी नाही, कारण चुकलं तर पोर्टच जातं.

आठवड्याने आपण आलात तेव्हा तक्रार वेगळी होती, आणि माझा सगळा मुद्दा इथेच आहे. कचऱ्यामुळे लूज झालेलं पोर्ट बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी सारखाच त्रास देतं, कारण प्लगच पूर्ण आत जात नाही. आता मात्र प्लग पूर्ण बसत होता, 'टक' होत होतं, आणि तरी एका बाजूने चार्ज होत होतं, दुसऱ्या बाजूने नाही. जिभेच्या प्रत्येक बाजूला एक अशी पिन असते जिच्यावरून फोनला कळतं की चार्जर जोडला गेला आहे आणि तो किती करंट देऊ शकतो. प्लग सरळ लावला तर एका बाजूची पिन वापरली जाते, उलटा लावला तर दुसऱ्या बाजूची. त्यातली एकच बिघडली की नेमकं असं होतं. मायक्रोस्कोपखाली तीच पिन पुढच्या कडेला उचललेली आणि शेजारच्या पिनेकडे झुकलेली दिसली, आणि जिभेवर एक चकचकीत ताजा ओरखडा. ती आधीच उचललेली असती तर पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंनी चार्जिंग झालंच नसतं.

आपणच तेव्हा सांगितलंत की पुन्हा थोडं सैल वाटलं म्हणून घरी सेफ्टी पिनने "तुमच्यासारखंच" साफ केलं. ते वाक्य अभिप्रायात नाही, याचं वाईट वाटलं. आपल्याला दोष द्यायचा नाही, पुष्कळ लोक हेच करतात. पण त्यासाठी आम्हाला फसवे म्हणू नका, एवढीच विनंती.

पिन दाबून परत बसवा, असंही आपण म्हणालात. मायक्रोस्कोपखाली ती दाबता येते. पण प्लास्टिकची पकड एकदा सुटली की पुढच्या वेळी प्लग घालताना ती पुन्हा अडकते, कधी तुटते. शिवाय तिच्या शेजारीच वीज आणणारी पिन आहे. फास्ट चार्जिंगमध्ये तिच्यावर ५ ऐवजी ९ व्होल्ट किंवा जास्तही असतात. त्या दोन एकमेकींना चिकटल्या तर पोर्टवर भागत नाही, आतली चिप जाते. म्हणून पोर्ट बदला म्हणालो. आपल्या मॉडेलमध्ये पोर्ट वेगळ्या छोट्या चार्जिंग बोर्डावर आहे, स्क्रू काढून तो बदलता येतो, मेनबोर्डला हात लावावा लागत नाही. हेही आम्ही सांगितलं होतं.

यापुढे साफसफाईच्या आधी आणि नंतर पोर्टचा फोटो काढून ग्राहकाला द्यायचा, असं ठरवतो आहोत. बाकीही काही सुधारणा करू.

पोर्ट बदलेपर्यंत फोन ज्या बाजूने चार्ज होतो त्या बाजूनेही चार्जिंगला लावू नका. वायरलेस चार्जिंग असेल तर ते वापरा. आणि घरी पुन्हा कधी साफ करायचं झालं तर फोन बंद करून, तासलेली लाकडी काडी भिंतीलगत, बाहेरच्या दिशेने. तोंडाने फुंकू नका, थुंकीची वाफ आत जाते. काडी अडली तर जोर न लावता थांबा.

पोर्ट बदलायचं ठरवलंत तर मजुरी घेणार नाही, फक्त सुट्या भागाचे पैसे द्या. मजुरी चूक कबूल करतो म्हणून सोडत नाही. आपण आमचे ग्राहक आहात म्हणून सोडतो. येताना नेहमीची केबलही आणा. उचललेल्या पिनेवर घासून प्लगच्या आतली स्प्रिंग वाकली असेल, तर ती नव्या पोर्टलाही खराब करील, ते आधी तपासून घेतो.